पिठल्याची कृती आणि पावसाचा सल्ला: एकच व्याकरणरूप दाखवण्यासाठी छोटे, खरे मजकूर कसे निवडावेत

अमराठी प्रौढांना मराठी शिकवताना ‘कांदा चिरावा, कोथिंबीर निवडावी, पाणी घालावे’ या तीन वाक्यांपाशी कधी ना कधी थांबावे लागते. तिन्ही वाक्यांत सूचना एकाच प्रकारची आहे, तरी क्रियापदाचा शेवट तीन वेगळ्या प्रकारे होतो, आणि तो का बदलतो हे फळ्यावर तक्ता काढून सांगितले की वर्ग माना डोलावतो. पुढच्या आठवड्यात मात्र तेच विद्यार्थी ‘पाणी घालावा’ असे लिहून आणतात. तक्ता चुकीचा नसतो. अडचण अशी असते की हे रूप जिथे खरोखर राबते, असा एकही मजकूर विद्यार्थ्याने पाहिलेला नसतो. या लेखात विध्यर्थाचे हे एकच रूप धरून, ते दाखवण्यासाठी पाककृती आणि हवामानाचा सल्ला असे दोन छोटे मजकूर कसे शोधावेत, कसे पारखावेत, त्यांतले काय ठेवावे आणि काय वगळावे, हे क्रमाने मांडले आहे. मी गेली काही वर्षे पुण्यात आठवड्याच्या अखेरीस असा वर्ग घेतो आणि वर्गात बहुसंख्य हिंदीभाषक असतात, त्यामुळे काही निरीक्षणे त्यांच्या बाजूला झुकलेली आहेत.

आधी रूपाची हद्द आखावी

मजकूर शोधायला निघण्याआधी, आपल्याला नेमके काय दाखवायचे आहे ते एका वाक्यात लिहून काढावे. ‘विध्यर्थ शिकवायचा’ एवढे पुरत नाही, कारण हे रूप मराठीत किमान तीन कामे करते. ‘मीठ घालावे’ ही सूचना आहे, ‘यंदा वेळेवर पाऊस पडावा’ ही इच्छा आहे आणि ‘तो एव्हाना पोहोचला असावा’ हा तर्क आहे. हे तिन्ही अर्थ एकाच मजकुरात आले, तर शिकणाऱ्याला शेवटी हातात काय घेऊन जायचे ते कळत नाही. शिवाय इच्छेच्या अशा वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते (‘पाऊस पडावा’), तर कर्म असलेल्या सूचनेच्या वाक्यात ते कर्माप्रमाणे बदलते (‘कांदा चिरावा’), त्यामुळे अर्थाबरोबर नियमही सरकतो.

माझ्या वहीत या पाठासाठी लिहिलेले वाक्य असे आहे: ‘सूचना देताना क्रियापद ज्या वस्तूवर क्रिया होते तिच्या लिंगाप्रमाणे आणि वचनाप्रमाणे बदलते, तशी वस्तूच नसेल, तर ते -वे या रूपावर स्थिर राहते.’ एवढ्यातच पुष्कळ भरले आहे. एकवचनात -वा, -वी, -वे आणि अनेकवचनात -वेत, -व्यात, -वीत अशी सहा रूपे होतात, आणि त्यांत एक तिढा आहे जो तक्त्यात चटकन दिसत नाही. नपुंसकलिंगी एकवचनाच्या ‘-वे’ला त जोडला की पुल्लिंगी अनेकवचन मिळते (कांदे चिरावेत), आणि स्त्रीलिंगी एकवचनाच्या ‘-वी’ला त जोडला की नपुंसकलिंगी अनेकवचन मिळते (वांगी चिरावीत). ‘चांगले’ आणि ‘चांगली’ या विशेषणांतही हीच अदलाबदल आहे, त्यामुळे विशेषणे आधी शिकलेल्या विद्यार्थ्याला तिची आठवण करून देता येते. पण ज्या मजकुरात ही दोन्ही अनेकवचने दिसतात तो मजकूर मिळाला, तर सांगण्याची गरज अर्ध्याहून कमी होते.

हे रूप कुठे राबते ते पाहावे

दुसरी पायरी म्हणजे हे रूप मराठी माणूस कोणत्या कामासाठी लिहितो याचा विचार करणे. इथे बोली आणि लेखी मराठीतला फरक आडवा येतो, आणि तो विसरला तर पाठ फसतो. घरात स्वयंपाक शिकवणारी आई ‘पाणी घाल’ किंवा ‘पाणी घालायचं’ म्हणते. पाककृतीची चित्रफीत ऐकली तर तिच्यात ‘कांदा छान परतून घ्यायचा’ अशीच वाक्ये ऐकू येतात, म्हणजे ते वेगळेच रूप आहे. तयार मसाल्याच्या पाकिटामागे बहुधा ‘उकळा’, ‘ढवळा’, ‘वाढा’ असा आज्ञार्थ असतो. ‘घालावे, परतावा, चिराव्यात’ ही रूपे पिकतात ती लेखी कृतीत: जुन्या मासिकांत, दिवाळी अंकांच्या पाककृती विभागात, वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आणि घरोघरच्या हाताने लिहिलेल्या वह्यांत. त्यामुळे ‘पाककृती घेतली की विध्यर्थ मिळालाच’ असे गृहीत धरू नये. ‘साहित्य’ संपून ‘कृती’ सुरू होते तिथली पहिली तीन क्रियापदे वाचली, की ती कृती कोणत्या रूपात लिहिली आहे ते कळते, आणि नको असलेली कृती तिथेच बाजूला ठेवता येते.

हवामानाच्या मजकुराबाबत याहून अधिक सावध राहावे लागते. भारतीय हवामान विभागाच्या मराठी अंदाजात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या पावसाची शक्यता’ अशी वाक्ये असतात. त्यांत विध्यर्थ तर नसतोच, पण अनेकदा क्रियापदही नसते. वाक्य ‘शक्यता’ या नामावर संपते. ‘-ची शक्यता’ आणि ‘पडण्याची शक्यता आहे’ ही रचना शिकवायची असेल, तर याहून चांगला मजकूर शोधून सापडणार नाही. (जाता जाता एक गोष्ट: या अंदाजांतले ‘तुरळक’, ‘काही’, ‘बऱ्याच’ आणि ‘बहुतांश’ ठिकाणी हे शब्द मोघम नसतात. हवामान विभागाच्या परिभाषेत एखाद्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक’, आणि ७५ टक्क्यांहून अधिक केंद्रांवर असेल तर ‘बहुतांश’ म्हणतात. वर्गात हे सांगितले की शब्दांच्या अर्थावरची चर्चा लवकर मिटते.) विध्यर्थ मात्र अंदाजात नसतो, तो अंदाजाखालच्या सल्ल्यात असतो. मच्छीमारांनी काय करू नये, नागरिकांनी काय करावे आणि शेतकऱ्यांनी कोणती कामे पुढे ढकलावीत, हे सांगताना तो पानभर येतो. कृषी विद्यापीठांच्या सहकार्याने हवामानावर आधारित कृषी सल्ल्याची पत्रके मराठीत निघतात, आणि या रूपाच्या दृष्टीने ती पाककृतीच्या तोडीस तोड असतात.

मोजून पारखावे

सात-आठ मजकूर जमले की त्यांना पेन्सिल लावावी. आधी प्रत्येक वाक्यातले मुख्य क्रियापद अधोरेखित करावे आणि त्यांतली किती आपल्या रूपात आहेत ते मोजावे. माझा अंदाजी निकष असा आहे की शंभर-सव्वाशे शब्दांच्या मजकुरात हे रूप निदान आठ वेळा यावे आणि मुख्य क्रियापदांपैकी निम्म्याहून अधिक त्याच रूपात असावीत. याहून कमी असतील, तर शिकणाऱ्याच्या डोळ्यांत ते रूप भरत नाही; आणि मजकूर दोनशे शब्दांच्या पुढे गेला, तर तास शब्दार्थांतच संपतो. पहिल्या वर्षी मी पुरणपोळीची एक सुरेख कृती निवडली होती. तिच्यात विध्यर्थाची पंचवीसहून अधिक रूपे होती, पण कट, येळवणी, पुरणयंत्र, चुरचुरीत फोडणी आणि पोळीच्या कडा हे सगळे समजावता समजावता घड्याळ संपले आणि व्याकरणाचा विषयच निघाला नाही.

नुसती संख्या मोजून भागत नाही, वाटणीही पाहावी लागते, आणि मराठी स्वयंपाकघराची एक खोड इथे लक्षात घ्यावी. आपल्या ओट्यावरच्या नित्याच्या वस्तू मोठ्या प्रमाणात नपुंसकलिंगी आहेत: पाणी, पीठ, तेल, तूप, मीठ, दूध, दही, ताक, लोणी, जिरे, आले. त्यामुळे सहज उचललेल्या कृतीत ‘घालावे, ओतावे, मिसळावे, लावावे’ यांचीच रांग लागते आणि शिकणारा अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष काढतो की सूचनेचे रूप म्हणजे -वे. तो निष्कर्ष चुकीचा आहे, पण दोष त्याचा नाही, मजकुराचा आहे. म्हणून अधोरेखित क्रियापदांवर पुं., स्त्री. आणि नपुं. अशा खुणा कराव्यात, आणि -वेची रूपे निम्म्याहून जास्त निघाली तर तो मजकूर कितीही आवडता असला तरी बाजूला ठेवावा. ताकाची कढी, दहीभात आणि साजूक तुपातला शिरा यांच्या कृती मी याच कारणाने या पाठातून काढून टाकल्या.

तिसरी पारख लिंगाच्या अनिश्चिततेची आहे. ‘लसूण’ काही घरांत ठेचला जातो तर काही घरांत ठेचली जाते, आणि ‘कोबी’चेही तसेच आहे. मराठी वाचकाला याने काही फरक पडत नाही, पण नियम शोधणाऱ्या विद्यार्थ्यासाठी असे एक नाम सगळा शोध गढूळ करते. दुसरा धोका संमिश्र यादीचा आहे. ‘हळद, तिखट व मीठ घालावे’ या वाक्यात क्रियापद शेवटच्या नामाकडे पाहते, आणि क्रम बदलून ‘मीठ, तिखट व हळद घालावी’ केले की ते बदलते. हे शिकवण्यासारखे आहे, पण पहिल्या दिवशी नव्हे. तिसरा धोका ‘-ला’ लागलेल्या नामाचा आहे: ‘माशांना हळद-मीठ लावावे’ हे वाचून शिकणारा ‘मासे’ आणि ‘लावावे’ यांची जोडी जमवतो, प्रत्यक्षात मात्र क्रियापद मिठाशी बांधलेले असते.

या तिन्ही धोक्यांची एक सोपी चाचणी आहे. मजकुराची एक प्रत काढून तिच्यातल्या क्रियापदांची शेवटची अक्षरे खोडावीत आणि ती प्रत घरातल्या किंवा शेजारच्या एका मराठी माणसाला भरायला द्यावी. त्याने न अडखळता मूळ लेखकासारखेच भरले, तर ती जागा वापरण्याजोगी आहे. तो एखाद्या ठिकाणी थबकला, ‘दोन्ही चालेल’ म्हणाला, किंवा मूळ मजकुराहून वेगळे भरून पुन्हा तेच बरोबर असल्याचे पटवू लागला, तर ते वाक्य पाठातून वगळावे. या चाचणीला दहा मिनिटे लागतात, आणि तिने मला अनेकदा भर वर्गात तोंडघशी पडण्यापासून वाचवले आहे.

एक मजकूर जवळून

पाच कृतींतून शेवटी जी टिकली, ती माझ्या मावशीच्या वहीतली पिठल्याची आहे. घरची वही असल्यामुळे परवानगीचा प्रश्न एका फोनवर सुटला. मासिकातली किंवा संकेतस्थळावरची कृती वर्गाबाहेर छापून वाटायची असेल, तर तशी परवानगी घ्यावी लागते, हे वेगळे सांगायला नको. मजकूर असा आहे:

‘एक वाटी डाळीचे पीठ तीन वाट्या पाण्यात कालवून घ्यावे, गुठळ्या राहू देऊ नयेत. दोन कांदे बारीक चिरावेत. चार हिरव्या मिरच्या उभ्या चिराव्यात. कढईत तेल तापवून मोहरी, जिरे, हिंग व हळद यांची फोडणी करावी. मिरच्या घालून कांदा गुलाबी होईपर्यंत परतावा. त्यावर कालवलेले पीठ हळूहळू ओतावे व सतत ढवळत राहावे. चवीपुरते मीठ घालावे. घट्ट होऊ लागले की झाकण ठेवून मंद आचेवर दोन वाफा येऊ द्याव्यात. वरून कोथिंबीर घालावी. गरम भाकरीबरोबर वाढावे.’

जेमतेम सत्तर शब्द आहेत आणि सूचनेची बारा क्रियापदे आहेत, त्यांतले एक नकारार्थी. -वे पाच वेळा येते, बाकी सहा होकारार्थी रूपे चिरावेत, चिराव्यात, करावी, परतावा, द्याव्यात आणि घालावी अशी वाटलेली आहेत. मोहरी-जिऱ्याची संमिश्र यादी इथे आहे, पण ‘यांची फोडणी करावी’ असे लिहिल्यामुळे क्रियापद ‘फोडणी’ या एकाच नामाशी बांधले गेले आहे, आणि मला ही कृती आवडण्याचे हे एक कारण आहे. मूळ वहीत ‘मिरच्या व लसूण घालून’ असे होते. तिथे ‘घालून’ हे रूप लिंगाप्रमाणे बदलत नाही, म्हणून तो लसूण निरुपद्रवी होता, पण वर्गात नसती चर्चा नको म्हणून तो शब्द मी वगळला. पिठल्यात लसूण हवाच, हे मान्य आहे.

आता दोन बारकावे. पहिला असा की दुसऱ्या वाक्यात ‘दोन कांदे चिरावेत’ आहे आणि पाचव्यात ‘कांदा परतावा’ आहे. वर्गातल्या एका बाईंनी विचारले होते की दुसरा कांदा कुठे गेला. प्रश्न रास्त आहे. चिरण्यापूर्वी कांदे मोजता येतात, चिरल्यावर ते मोजता येत नाहीत, आणि मराठीत अशा चिरलेल्या ढिगाला आपण एकवचनात ‘कांदा’ म्हणतो. बनवलेल्या वाक्यांत ही गोष्ट कुणी घातली नसती, कारण वाक्ये बनवणारा माणूस एकसारखेपणा राखतो; खऱ्या मजकुरात ती आपसूक आली, आणि क्रियापदाचा शेवट वचन किती इमानाने दाखवतो हे त्या एका जागेने सिद्ध केले.

दुसरा बारकावा शेवटच्या वाक्यात आणि ‘ढवळत राहावे’मध्ये आहे. ‘वाढावे’ला वाक्यात कर्म दिसत नाही, पण ते मनात आहे: पिठले, नपुंसकलिंगी. ही कृती आमटीची असती, तर तिथे ‘वाढावी’ आले असते. ‘ढवळत राहावे’चे तसे नाही. ‘राहणे’ अकर्मक आहे, त्याला जुळायला वस्तूच नाही, म्हणून ते -वेवर स्थिर आहे, आणि कढईत पिठले असो की आमटी, ते -वेच राहील. दोन्ही शब्दांचा शेवट सारखा दिसतो पण कारणे वेगळी आहेत, आणि शाळेच्या व्याकरणात आपण ज्याला कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणतो तो भेद नेमका हाच आहे. ती नावे मी वर्गात घेत नाही. ‘भाजी असती तर काय झाले असते?’ एवढाच प्रश्न विचारतो.

उणेही सांगायला हवे. या कृतीत नपुंसकलिंगी अनेकवचन, म्हणजे -वीत, कुठेच नाही. आणि सूचना कोणाला दिली आहे ते एकाही वाक्यात आलेले नाही, कारण कृती वाचणाऱ्यालाच दिलेली असते. या दोन जागा भरण्यासाठी दुसरा मजकूर लागतो.

दुसरा मजकूर पहिल्याची उणीव भरणारा असावा

कृषी सल्ल्याच्या पत्रकांतली वाक्ये साधारण या धाटणीची असतात: ‘पावसाची शक्यता लक्षात घेता शेतकऱ्यांनी फवारणीची कामे पुढे ढकलावीत. काढणी केलेले सोयाबीन सुरक्षित ठिकाणी साठवावे. शेतात साचलेल्या पाण्याचा निचरा करावा. विजा चमकत असताना झाडाखाली थांबू नये. जनावरे उघड्यावर बांधू नयेत.’ पाचच वाक्ये, पण ‘कामे ढकलावीत’ने -वीत मिळाले आणि ‘शेतकऱ्यांनी’ने करणारा माणूस मजकुरात आला. शेतकरी अनेक आहेत आणि पुल्लिंगी आहेत, तरी क्रियापद कामांकडे पाहते, शेतकऱ्यांकडे पाहत नाही. हिंदीत ‘किसान रखें’ म्हणणाऱ्याला हा धक्का बसतोच, आणि तो इथेच बसलेला बरा.

नकाराची बाजूही इथे पुरती उघडी होते. पिठल्यात ‘गुठळ्या राहू देऊ नयेत’ होते, इथे ‘थांबू नये’ आणि ‘बांधू नयेत’ आहे. तिन्ही शेजारी शेजारी ठेवली की दिसते की ‘नये’ वचन दाखवते पण लिंग दाखवत नाही. होकारात सहा रूपे असतात, नकारात फक्त दोन. किनारपट्टीच्या इशाऱ्यात ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ येते, तिथे कर्मच नाही म्हणून ‘नये’ एकवचनातच राहते, मच्छीमार शेकडो असले तरी.

हवामानाच्या मजकुराला मुदत असते, हे मात्र ध्यानात ठेवावे. जुलैतला सल्ला डिसेंबरात वाचायला दिला तर विद्यार्थी तो खरा मानत नाहीत आणि केवळ अभ्यास म्हणून वाचतात. मी वर्गाच्या आठवड्यातलेच पत्रक घेतो आणि त्यावरची तारीख कापत नाही. कोरड्या दिवसांत पाठ आला, तर थंडीचा किंवा उन्हाच्या लाटेचा सल्ला चालतो: ‘दुपारी उन्हात जाणे टाळावे, भरपूर पाणी प्यावे, टोपी वापरावी.’ परदेशात मराठी मुलांना शिकवणाऱ्यांना मात्र हा मजकूर परका वाटतो, कारण तिथल्या आकाशाचा सल्ला मराठीत येत नाही. त्यांनी आजीने फोनवर लिहून पाठवलेली कृती घ्यावी. आजी ‘घाल’ लिहिते की ‘घालावे’ हे आधी पाहावे लागेल. बहुतेक आज्या नातवंडांना ‘घाल’च लिहितात.

काय कापावे, काय हात लावू नये

निवडलेल्या मजकुरात बदल करण्याचा मोह प्रत्येकाला होतो. मी स्वतःला दोनच सवलती दिल्या आहेत. पूर्ण वाक्य किंवा सुटा शब्द वगळता येतो, आणि पाच-सहा अनोळखी शब्दांचे अर्थ समासात देता येतात. पिठल्यात मी कालवणे, फोडणी, आच आणि वाफ यांचे अर्थ देतो, आणि ‘होईपर्यंत’ व ‘होऊ लागले की’ या दोन रचनांचे अर्थ पूर्ण लिहून देतो, त्यांचे व्याकरण उकलत नाही. त्या रचना मजकुरात आहेत म्हणून त्या त्याच दिवशी शिकवल्याच पाहिजेत असे नाही.

क्रियापदाला मात्र हात लावू नये. एका वर्षी मला वांग्याच्या भरताची एक कृती फार आवडली, पण ती सगळी ‘घाला, भाजा, सोला’ अशी होती, म्हणून मी तिची सगळी क्रियापदे विध्यर्थात बदलली. नियम तंतोतंत पाळले, तरी मजकूर बिघडला. मूळ लेखिका वाचणाऱ्याशी गप्पा मारत होती, मध्येच ‘घाबरू नका, वांगं काळं होणारच’ असे म्हणत होती, आणि त्या सुरात ‘सोलावे’ शेजारी बसवल्यावर ते सरकारी परिपत्रकासारखे वाटू लागले. विद्यार्थ्यांना हे जाणवले नाही, पण त्यातला एकजण तो कागद घेऊन आपल्या मराठी शेजाऱ्याकडे गेला आणि शेजारी म्हणाला, ‘असं कुणी लिहीत नाही.’ त्यानंतर माझ्या पुढच्या दोन मजकुरांकडेही वर्ग संशयाने पाहत होता.

वर्गात पहिल्यांदा रूप काढू नये

मजकूर हातात दिल्यावर पहिली दहा मिनिटे व्याकरणाचे नाव काढू नये, कारण मजकुराचा अर्थ कळल्याशिवाय शेवटची अक्षरे पाहण्यात अर्थ नसतो. मी कृतीची वाक्ये पट्ट्यांवर कापून उलटसुलट देतो आणि क्रम लावायला सांगतो. पीठ आधी कालवायचे की फोडणी आधी करायची, यावर वाद होतो, आणि वाद सोडवायला पुन्हा वाचावे लागते. क्रम लागला की प्रत्येक सूचनेतल्या वस्तूखाली एक रेघ आणि क्रियापदाच्या शेवटाखाली दुसरी रेघ मारायला सांगतो, आणि त्या जोड्या कोऱ्या कागदावर उतरवून गट करायला सांगतो. गट पडले की नियम वर्गच सांगतो, आणि फळ्यावरचा तक्ता त्यांच्या वाक्यांनी भरतो. -वीतचा रकाना रिकामा राहतो. तो रिकामाच ठेवून कृषी सल्ल्याचे पत्रक वाटायचे, म्हणजे ते वाचण्याला एक कारण मिळते.

हिंदीभाषकांच्या चुका इथे ठराविक ठिकाणी पडतात. हिंदीत नपुंसकलिंग नाही, ‘पानी’, ‘दही’ आणि ‘नमक’ पुल्लिंगी आहेत, म्हणून ‘पाणी घालावा’ आणि ‘मीठ घालावा’ येणार हे धरून चालावे. शिवाय हिंदी पाककृतीतले ‘डालें’ लिंग दाखवतच नाही, त्यामुळे कृतीतल्या सूचनेच्या क्रियापदाने वस्तूकडे पाहावे याची त्यांना सवय नसते. अशी चूक झाली तर मजकुराला दोष देऊ नये. मजकूर चुकला आहे याची खूण वेगळी असते: सगळे प्रश्न शब्दांच्या अर्थांचे येतात, किंवा शेवटची अक्षरे झाकूनही विद्यार्थी सराव बरोबर सोडवतात, म्हणजे त्यांना शेवटाकडे पाहावेच लागत नाही. पहिल्या प्रसंगी मजकूर फार अवघड आहे, दुसऱ्या प्रसंगी त्यात एकाच लिंगाची गर्दी आहे.

पाठ संपताना एक इशारा मात्र मी आठवणीने देतो, कारण तो न दिल्याचा परिणाम मी पाहिला आहे. हे रूप वाचायचे आणि लिहायचे आहे, स्वयंपाकघरात बोलायचे नाही. माझा एक विद्यार्थी घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना मोठ्या अदबीने म्हणाला, ‘मावशी, भाजीत पाणी घालावे.’ मावशींनी त्याच्याकडे क्षणभर पाहिले आणि विचारले, ‘कोण घालणार? तुम्ही की मी?’